मुदत ठेवीचे व्याज आणि महागाई: दर्शनी व वास्तव परताव्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर्शनी परतावा आणि वास्तव परतावा यांत नेमका फरक काय?

ठेवीच्या पावतीवर छापलेला व्याजदर हा दर्शनी परतावा असतो. वर्षभरात आपल्या पैशाचा आकडा किती टक्क्यांनी वाढला, एवढेच तो सांगतो. वास्तव परतावा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो: ठेव ठेवताना त्या पैशात जेवढ्या वस्तू आणि सेवा विकत घेता आल्या असत्या, त्यापेक्षा मुदतीअखेर किती जास्त किंवा कमी घेता येतील? पहिल्या परताव्याची हमी बँक देते. दुसऱ्याची हमी साधी मुदत ठेव देऊ शकत नाही, कारण मधल्या काळात किमती किती वाढतील यावर बँकेचे नियंत्रण नसते.

या पानावरील उदाहरणांसाठी एकच ठेव घेतली आहे: मुद्दल १०,००,०००, व्याजदर वार्षिक ७ टक्के आणि महागाई वार्षिक ६ टक्के. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. आपापल्या ठेवीचे आकडे त्यांच्या जागी घालून हाच हिशेब करता येईल.

व्याजदरातून महागाईचा दर वजा केला की वास्तव परतावा मिळतो ना?

ढोबळ अंदाजासाठी ते पुरते. सातातून सहा गेले, एक उरला. मात्र अचूक रीत भागाकाराची आहे: १.०७ ला १.०६ ने भागायचे आणि उत्तरातून १ वजा करायचा. असे केल्यावर वास्तव परतावा सुमारे ०.९४ टक्के येतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर यांनी हा संबंध १८९६ मध्ये नीट मांडला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भागाकार करण्याचे कारण असे की मिळालेले व्याजसुद्धा वर्षअखेरीच्या वाढलेल्या किमतींना खर्च करावे लागते, म्हणून मुद्दलाप्रमाणे त्याचेही मोल घटलेले असते. महागाई कमी असताना दोन्ही रीतींच्या उत्तरांत नगण्य फरक पडतो. पण व्याजदर ५० टक्के आणि महागाई ४० टक्के असेल, तर वजाबाकी १० टक्के दाखवते आणि खरा आकडा ७.१ टक्क्यांच्या आसपास असतो.

मुद्दल तर पूर्णच्या पूर्ण परत मिळते. मग कमी काय होते?

मुद्दलाचा आकडा कमी होत नाही, त्याची क्रयशक्ती कमी होते. आपल्या उदाहरणात वर्षाच्या सुरुवातीला १०,००,००० मध्ये जे घेता येत होते, त्यासाठी वर्षअखेरीस १०,६०,००० मोजावे लागतात. ठेवीवर ७०,००० व्याज आले. त्यांपैकी ६०,००० मुद्दलाला पूर्वीच्या पातळीवर आणण्यात खर्ची पडले आणि खऱ्या अर्थाने कमाई म्हणावी अशी रक्कम १०,००० एवढीच उरली.

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट माझ्या मते हीच आहे. व्याजाची रक्कम खात्यात एकसंध जमा होत असली, तरी तिच्यात दोन वेगळे घटक असतात. मोठा भाग हा मुद्दलाच्या झिजेची भरपाई असतो आणि लहान भाग हे उत्पन्न असते. खातेउताऱ्यावर हे विभाजन कुठेही दिसत नाही. त्यामुळे ठेवीदार संपूर्ण रक्कम उत्पन्न समजून खर्च करतो आणि करआकारणीही बहुतेक ठिकाणी संपूर्ण रकमेवरच होते. महागाईमुळे ठेवीचे जे नुकसान होते, त्याचा बराचसा भाग या दोन वाटांनीच होतो.

मी दरवर्षी व्याज काढून घेतो आणि मुद्दलाला हात लावत नाही. मग माझे काय नुकसान?

निवृत्तीनंतर व्याजावर घर चालवणाऱ्यांसाठी हा प्रश्न कळीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे योग्य ठरेल.

१०,००,००० ची ठेव ७ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी ठेवली आणि दरवर्षीचे ७०,००० व्याज खर्च केले, असे समजू. दहा वर्षे दरवर्षी तेवढीच रक्कम हाती येईल आणि शेवटी मुद्दल जसेच्या तसे परत मिळेल. कागदावर काहीही बिघडलेले दिसणार नाही. मात्र ६ टक्के महागाईत दहा वर्षांत किमती १.७९ पट होतात. याचा अर्थ असा की दहाव्या वर्षीचे ७०,००० हे सुरुवातीच्या किमतींच्या हिशेबाने जेमतेम ३९,००० एवढ्या मोलाचे असतील आणि परत मिळालेल्या १०,००,००० चे मोल सुमारे ५,५८,००० असेल. म्हणजे ज्याला हात लावला नाही असे वाटत होते, त्या मुद्दलाचा जवळजवळ ४४ टक्के भाग खर्च होऊन गेलेला असतो.

हा ऱ्हास वेळीच लक्षात येत नाही, कारण तो दरवर्षी थोडाथोडा होतो आणि त्याची नोंद कोणत्याही पावतीवर होत नाही. घरखर्चात मात्र तो जाणवतो. पहिल्या वर्षी व्याजात बारा महिन्यांचा खर्च निघत असेल, तर पाचव्या-सहाव्या वर्षी तोच खर्च त्याच व्याजात आठ-नऊ महिनेच निघतो. राहणीत काहीही बदल केलेला नसताना असे होऊ लागले, तर खर्च हाताबाहेर गेला असा दोष स्वतःला देण्याआधी हा हिशेब तपासावा.

मुद्दलाची क्रयशक्ती खरोखर टिकवायची असेल, तर पहिल्या वर्षीच्या ७०,००० पैकी ६०,००० पुन्हा मुद्दलात टाकून १०,००० च खर्च करावे लागतील. पुढच्या वर्षी मुद्दल १०,६०,००० असेल, व्याज ७४,२०० येईल आणि खर्चायला १०,६०० मिळतील. ही रक्कम महागाईच्या वेगानेच वाढत जाते. पण मुळात ती इतकी लहान आहे की एवढ्यावर भागवणे फार थोड्यांना शक्य होईल. म्हणून बहुतेकांसाठी व्यवहार्य मार्ग असा, की आपण दरवर्षी थोडे मुद्दलही खर्च करत आहोत हे उघड मान्य करावे आणि ते किती वर्षे पुरवायचे आहे याचा हिशेब आधी मांडावा. मुद्दल खर्च करण्यात चूक काहीच नाही. ते आपल्या नकळत खर्च होणे मात्र टाळले पाहिजे.

व्याजावर कर भरावा लागत असेल, तर हिशेब किती बदलतो?

पुष्कळ बदलतो. समजा व्याजावर २० टक्के कर आहे. ७०,००० वर १४,००० कर गेला आणि ५६,००० उरले. मुद्दल जागच्या जागी ठेवायला ६०,००० हवे होते. म्हणजे एक पैसाही खर्च न करता ठेवीदार ४,००० नी मागे पडला. टक्केवारीत सांगायचे तर करोत्तर दर्शनी परतावा ५.६ टक्के आणि वास्तव परतावा उणे ०.३८ टक्के.

इथे आकारणीचा पाया पाहण्यासारखा आहे. खरी कमाई १०,००० ची आणि कर १४,००० चा. कराचा दर कागदावर २० टक्के असला, तरी खऱ्या कमाईच्या तुलनेत तो १४० टक्के पडतो, कारण झीजभरपाईची रक्कमसुद्धा उत्पन्नात धरली जाते.

व्याज न काढता पाच वर्षे साठू दिले तरी चित्र तेच राहते. कर नसेल तर १०,००,००० चे सुमारे १४,०२,५०० होतात. पाच वर्षांत किमती १.३३८ पट झालेल्या असल्यामुळे त्यांचे मोल सुरुवातीच्या किमतींनी १०,४८,००० भरते. दरवर्षी २० टक्के कर गेला तर हाती सुमारे १३,१३,००० येतात आणि त्यांचे मोल ९,८१,००० होते. पावतीवर तीन लाखांहून अधिक वाढ दिसते आणि प्रत्यक्षात ठेव मूळ जागेच्याही थोडी खाली आलेली असते.

करानंतर किमान बरोबरी साधण्यासाठी किती व्याजदर हवा, हे काढण्याची रीत सोपी आहे. महागाईच्या दराला, कर गेल्यावर प्रत्येक एककातून जेवढा भाग उरतो, त्याने भागावे. ६ भागिले ०.८ म्हणजे ७.५ टक्के. आपल्या ठेवीचा दर याहून कमी असेल, तर ती करानंतर तोट्यात आहे. ज्यांचे एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेत बसते, त्यांच्यासाठी हा अडथळा अर्थातच उरत नाही. त्यामुळे एकाच बँकेतील एकाच दराची ठेव दोन व्यक्तींना वेगवेगळा वास्तव परतावा देऊ शकते.

पूर्वी ठेवींवर खूप जास्त व्याज मिळत असे. तो काळ ठेवीदारांसाठी चांगला नव्हता का?

केवळ व्याजदर पाहून हे ठरवता येत नाही. उंच व्याजदर बहुधा उंच महागाईच्या काळातच आढळतात. अमेरिकेत १९८० मध्ये ग्राहक किमतींची वाढ साडेतेरा टक्क्यांच्या आसपास होती, त्यामुळे तेव्हाच्या दोन अंकी व्याजाचा बराच भाग झीजभरपाईतच जात होता.

कर लक्षात घेतला तर फरक आणखी स्पष्ट होतो. व्याज आणि महागाई यांच्यातील अंतर एकच टक्का ठेवून तीन परिस्थिती पाहू. कराचा दर तिन्हींत २० टक्के आहे. व्याज ३ आणि महागाई २ टक्के असेल, तर करानंतरचा वास्तव परतावा अधिक ०.३९ टक्के येतो. व्याज ७ आणि महागाई ६ असेल, तर तो उणे ०.३८ होतो. व्याज १२ आणि महागाई ११ असेल, तर तो उणे १.२६ पर्यंत घसरतो. अंतर तेच असूनही महागाई जितकी जास्त, तितका व्याजातील झीजभरपाईचा वाटा मोठा आणि तितकाच कराचा घाव खोल. बारा टक्के व्याज सोडून तीन टक्के व्याजावर आल्यावर आपण गरीब झालो असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या उदाहरणातील ठेवीदार तीन टक्क्यांवरच अधिक सुस्थितीत आहे.

आमच्या ठेवीच्या जाहिरातीत दर ७ टक्के आणि ‘वार्षिक उत्पन्न’ ८ टक्क्यांहून अधिक लिहिले आहे. मग परतावा महागाईपेक्षा बराच जास्त झाला ना?

नाही. पाच वर्षांत ७ टक्के चक्रवाढीने १०० चे १४०.२६ होतात. एकूण वाढ ४०.२६ ला पाचाने भागले की ८.०५ येतात आणि तोच आकडा वार्षिक उत्पन्न म्हणून छापला जातो. हा सरळव्याजाच्या पद्धतीचा आकडा आहे आणि महागाईचा दर चक्रवाढीने चालतो, म्हणून या दोघांची तुलना करता येत नाही. मुदत वाढवत नेली तर हा छापील आकडा आपोआप फुगत जातो, दर तोच राहिला तरी. व्याजाची आकारणी तिमाही असेल तर ७ टक्क्यांचा परिणामी वार्षिक दर ७.१९ टक्के होतो. एवढी वाढ मात्र खरी असते आणि ती हिशेबात धरावी.

महागाईचा कोणता दर धरावा?

झालेल्या मुदतीचा हिशेब करायचा असेल, तर बातम्यांतील मासिक टक्केवारी गोळा करत बसू नये. सरकारी सांख्यिकी यंत्रणा ग्राहक किंमत निर्देशांक प्रसिद्ध करते. ठेव ठेवली त्या महिन्याचा निर्देशांक आणि ती परत मिळाली त्या महिन्याचा निर्देशांक, हे दोनच आकडे पुरतात, फक्त दोन्ही एकाच मालिकेतील आणि एकाच आधारवर्षाचे हवेत. समजा निर्देशांक १५० वरून १८६ वर गेला. म्हणजे किमती १.२४ पट झाल्या. ठेव १.४०२५ पट झाली असेल, तर १.४०२५ भागिले १.२४ म्हणजे १.१३१. पाच वर्षांत मिळून खरी वाढ तेरा टक्क्यांची झाली.

निर्देशांक हा सरासरी कुटुंबाच्या खर्चावरून बनवलेला असतो आणि प्रत्येक घराचा खर्च त्याच प्रमाणात विभागलेला नसतो. ज्या घराचा निम्मा खर्च भाडे, औषधोपचार आणि शिक्षण यांवर होतो आणि त्या बाबी वर्षाला १० टक्क्यांनी महागत आहेत, उरलेला निम्मा ४ टक्क्यांनी, त्या घराची महागाई ७ टक्के आहे, प्रसिद्ध झालेला दर काहीही असो. सात टक्क्यांच्या ठेवीवर त्या घराचा वास्तव परतावा कराआधीच शून्य होतो. मागील वर्षाच्या आणि या वर्षाच्या मोठ्या खर्चांची नोंद शेजारी ठेवून असा अंदाज घरीही करता येतो. मात्र वापर वाढल्यामुळे वाढलेला खर्च आणि दर वाढल्यामुळे वाढलेला खर्च यांची सरमिसळ होऊ देऊ नये, नाहीतर अंदाज अकारण जास्त येतो.

महागाईचा दर खाली आला, तर आधी झालेली झीज भरून निघते का?

नाही. दर खाली येणे म्हणजे किमती अधिक सावकाश वाढणे. त्या मागे जात नाहीत. किमती प्रत्यक्ष उतरण्याचे काळ विरळ असतात. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक वर्षे असे घडले आणि तेव्हा ठेवींवरील व्याज जवळजवळ शून्य असूनही पैशाची क्रयशक्ती थोडी वाढत होती.

ठेव ठेवताना पुढची महागाई ठाऊक नसते. मग मुदत कशी ठरवावी?

ठेवीचा दर ठरतो तेव्हा ठेवीदार आणि बँक दोघेही अपेक्षित महागाईवर विसंबून असतात. पुढे महागाई अपेक्षेपेक्षा जास्त निघाली तर फटका ठेवीदाराला बसतो, कमी निघाली तर लाभही त्यालाच होतो. मुदत जितकी लांब, तितकी ही अनिश्चितता मोठी. म्हणून सारी रक्कम एकाच लांब मुदतीत अडकवण्याऐवजी ती पाच भागांत वाटून एक ते पाच वर्षांच्या ठेवी ठेवाव्यात आणि दरवर्षी मोकळा होणारा भाग पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवावा, ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. तिच्यामुळे महागाई हरत नाही. महागाईपाठोपाठ व्याजदर वाढले, तर दरवर्षी एक-पंचमांश रकमेला नवा दर मिळतो एवढेच, आणि दर वाढलेच नाहीत तर तेवढेही मिळत नाही.

दर वाढले आहेत. चालू ठेव मोडून नव्या दराने ठेवावी का?

या निर्णयात महागाईचा आकडा लागतच नाही, कारण दोन्ही पर्यायांत पैसे एकाच दिवशी हाती येणार असतात आणि त्या दिवशीच्या किमती दोघांनाही सारख्याच लागू असतात. तुलना करायची ती अंतिम रकमांची.

समजा पाच वर्षांच्या ठेवीची दोन वर्षे झाली आहेत. मुदतपूर्व मोडल्यास सहसा ७ टक्के मिळत नाहीत. जितका काळ ठेव राहिली त्या मुदतीचा मूळ दर लागतो आणि त्यातून दंडही कापला जातो. तो दर ६.५ आणि दंड १ टक्का धरला, तर ५.५ टक्क्यांनी दोन वर्षांत ११,१३,०२५ हाती येतील. ही रक्कम उरलेल्या तीन वर्षांसाठी ८ टक्क्यांनी ठेवली, तर अखेरीस सुमारे १४,०२,१०० होतात. ठेव न मोडता १४,०२,५०० मिळणारच होते. म्हणजे दर पूर्ण एक टक्क्याने वाढूनही लाभ काहीच झाला नाही. नवा दर ८.५ टक्के असेल तर मात्र १४,२१,७०० च्या आसपास मिळतात आणि मोडणे फायद्याचे ठरते. उरलेली मुदत कमी असेल तर दरांतील अंतर याहून मोठे लागेल.

महागाईशी जोडलेली ठेव मिळू शकते का?

सामान्य बँक ठेवीत क्वचितच. पण सरकारी रोख्यांमध्ये ही सोय काही देशांत आहे. ब्रिटनने १९८१ मध्ये आणि अमेरिकेने १९९७ मध्ये असे रोखे काढले. त्यांत मुद्दल किंमत निर्देशांकाबरोबर वाढवले जाते आणि व्याज त्या वाढलेल्या मुद्दलावर दिले जाते. ही कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १७८० मध्ये, मॅसॅच्युसेट्सने आपल्या सैनिकांना मका, गोमांस, लोकर आणि चामडे यांच्या एकत्रित किमतीशी जोडलेले रोखे दिले होते, कारण कागदी चलनाचे मोल फार वेगाने घसरत होते. अशा रोख्यांचा दर्शनी व्याजदर मुदत ठेवीच्या तुलनेत कमी दिसतो, पण तो महागाईच्या वरचा दर असतो हे तुलना करताना विसरू नये. अमेरिकेसारख्या काही ठिकाणी मुद्दलातील महागाईपोटीची वाढही करपात्र धरली जाते, त्यामुळे कराचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

मग मुदत ठेव ठेवूच नये का?

तसे नाही. कोणत्या कामासाठी ठेवायची, यावर ते अवलंबून आहे. येत्या दीड-दोन वर्षांत ठरावीक रक्कम द्यायची असेल, देणे आकड्यात आधीच ठरलेले असेल, किंवा अडीअडचणीला तत्काळ हाताशी पैसा हवा असेल, तर मुदत ठेव हे काम चोख करते. इतक्या थोड्या काळात महागाईने होणारी झीजही मर्यादित असते. पंधरा-वीस वर्षांनंतरच्या खर्चासाठी मात्र सारी बचत मुदत ठेवीतच ठेवणे म्हणजे करानंतर उणे ०.३८ सारखा दर दीर्घकाळ स्वीकारणे होय. तिथे किती भाग महागाईशी जोडलेल्या रोख्यांत आणि किती भाग समभागांसारख्या चढउतार होणाऱ्या गुंतवणुकीत ठेवायचा, हे व्यक्तीची जोखीम पेलण्याची ताकद पाहून ठरवावे लागते. दीर्घ मुदतीची ठेव ठेवायचीच असेल, तर पावती घेताना करोत्तर दर, आपल्या घरच्या महागाईचा अंदाज आणि त्यावरून येणारा वास्तव परतावा हे तीन आकडे तिच्या मागे लिहून ठेवावेत आणि ठेवीचे नूतनीकरण करण्यापूर्वी ते नव्याने काढावेत.